काजळीचा स्पीकर

शमशेरचाचांच्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाईक आपल्या फोनच्या कुलपाचा नंबर टाकायला लागलं, की चाचा पाठ फिरवतात. भिंतीवर जुन्या सालातलं एक कॅलेंडर आहे, त्याच्याकडे तोंड करून उभे राहतात आणि म्हणतात, "झालं की खोका."

संगमनेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजची पोरं मुद्दाम मोठ्यांदा खोकतात. एकदा एकजण म्हणाला, "चाचा, मला सर्दी आहे. नंबर टाकायच्या आधीच खोकला आला तर?"

"तर मी वळेन, तू ओरडशील, मी परत फिरेन," चाचा कॅलेंडरकडे बघतच म्हणाले. "लवकर टाक. पाठीला कंटाळा येतो."

चाचा साठीचे आहेत. पंधराव्या वर्षापासून स्पीकर दुरुस्त करतात. आधी लग्नाच्या मांडवातले कर्णे, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता मोबाईल आणि हातभर उंचीचे ब्लूटूथ स्पीकर. स्पीकरच्या आतल्या फाटलेल्या पडद्याला ते इतक्या हलक्या हाताने कागद चिकटवतात, की बघणाऱ्याचा श्वास थांबतो. बाकी दुकान म्हणजे एक फळी, एक भिंगाचा दिवा, आणि गौहरचाचींनी पाठवलेला डबा, जो दुपारी तीनपर्यंत तसाच असतो.

सहादेव त्यांच्याकडे यायचे ते दूध घालून झाल्यावर. प्रवरेपलीकडच्या वस्तीवर त्यांचं घर, चार एकर ऊस, आणि काजळी नावाची एक म्हैस. काजळीचा स्वभाव असा, की सहादेवांचा आवाज कानावर पडल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. धार काढायला बसलेलं माणूस कोणीही असो, गोठ्यात सहादेव बोलत असले पाहिजेत. त्यामुळे त्यांना कुठे जाता येत नसे. मावसभावाच्या लग्नाला गेले तर संध्याकाळी पाचच्या आत परत. पुण्याला लेकीकडे, स्नेहलकडे, राहिले नाहीत ते नाहीतच.

"शमशेरभाई, माझा आवाज डब्यात भरून द्या," एकदा ते म्हणाले. "म्हशीला ऐकवायचा हाय."

चाचांना वाटलं, गंमत करताहेत. पण सहादेव गंमत करत नव्हते. मग चाचांनी त्यांच्या फोनवर, म्हणजे स्नेहलने वापरून दिलेल्या फोनवर, आवाज कसा भरायचा ते दाखवलं, आणि दुकानातला एक जुना, पण चांगला स्पीकर दिला. सहादेवांनी धारेच्या वेळी गोठ्यात बसून आवाज भरला. प्रश्न राहिला तो स्पीकर फोनला जोडायचा. ब्लूटूथ उघडा, यादी शोधा, नाव ओळखा, हे काही त्यांना जमेना. नावं इंग्रजीत. एकदा त्यांनी शेजाऱ्याच्या टीव्हीला फोन जोडून ठेवला आणि शेजाऱ्याच्या घरात मालिकेच्या मधोमध आवाज आला, "ये गं माझी बाई, सोड."

"ते घर अजून माझ्याशी नीट बोलत न्हाई," सहादेव सांगायचे.

तेव्हा चाचांनी स्पीकरच्या पाठीवरची एक खूण दाखवली. वाकड्या रेघांची, नखाएवढी. "इथे फोनची पाठ टेकवा. बस. यादी नको, नाव नको."

सहादेवांनी टेकवला. फोन थरथरला, पडद्यावर 'जोडू का' असं विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि स्पीकरमधून 'टुंग' असा आवाज आला. ते इतके खूश झाले, की त्यांनी चाचांच्या डब्यातली एक पोळी न विचारता खाल्ली.

चार दिवसांनी ते तणतणत परत आले. "तुमची जादू संपली. टेकवून टेकवून फोनला चरे पडले."

"कसा टेकवता, दाखवा."

सहादेवांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि तसाच, पडदा काळा असताना, स्पीकरला लावला. काही झालं नाही.

"फोन झोपलाय," चाचा म्हणाले. "आधी उठवा. कडी काढा. मग टेकवा."

"का? त्या दिशी तर लगेच झालं."

"त्या दिवशी तुमच्या हातात उघडा होता."

"पर का? टेकवला तर त्याला कळत न्हाई का?"

पुढचं चाचांनी मला, त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, नंतर कितीतरी वेळा सांगितलं, कारण त्यांना स्वतःचं ते उत्तर आवडायचं. त्यांनी एका मोडक्या स्पीकरचं झाकण उघडून आतला एक पातळ कागद दाखवला. त्यावर तांब्याच्या तारेचे गोल गोल वेढे, आणि मध्ये तिळाएवढा काळा ठिपका. "ह्याला ना बॅटरी, ना वायर. हा मुका आहे. फोन जवळ आला, की फोनच ह्याला चिमूटभर वीज देतो, तेवढ्यापुरता हा जागा होतो आणि एकच गोष्ट सांगतो. स्वतःचा पत्ता. 'मी अमुक स्पीकर, मला असं जोडायचं.' एवढं सांगून हा गप्प. पुढचं गाणं, बोलणं, सगळं ब्लूटूथवरून. ह्याचं काम फक्त ओळख करून द्यायचं."

"मग फोन झोपलेला असला तर?"

"झोपलेला फोन वीजच सोडत नाही. बघतच नाही, समोर कोण आहे. आणि ते बरंच आहे. समजा तुम्ही बसमध्ये उभे आहात. असा कागद कुणीही बनवू शकतो. एकाने हातात लपवला आणि तुमच्या खिशाला घासला. फोन लगेच त्याचं ऐकायला लागला, त्याने सांगितलेली पानं उघडायला लागला, तर चालेल? म्हणून फोन म्हणतो, माझ्या मालकाने मला उघडून हातात धरलंय, म्हणजे मालकाची मर्जी आहे. तेव्हाच मी समोरच्या कागदाशी बोलेन."

सहादेवांनी विचार केला. "म्हंजे काजळीसारखाच हाय. घरचं माणूस असल्याशिवाय सोडत न्हाई."

तेव्हा त्यांच्या फोनची कडी म्हणजे नुसतं बोट वर सारणं होतं. पुढे दूधसंघाचा पगार बँकेत यायला लागला आणि बँकेचं अ‍ॅप नंबराच्या कुलुपाशिवाय चालू होईना. कुलूप लावून दिलं चाचांनीच. "चार नाही, सहा आकडे ठेवा. तुमच्या जन्माचं साल नको. कुणाला सांगू नका. वहिनींनाही नाही, मलाही नाही."

"तिला काय करायचाय नंबर. ती फोनला हातबी लावत न्हाई."

चाचांनी पाठ फिरवली. कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. मागून सहादेवांचा खोकला आला.

दोन वर्षं काजळी रोज दोन्ही वेळा, सहादेव घरी असले तरी, त्या आवाजावर दूध देत होती. सहादेव दोनदा पुण्याला राहून आले. फोन सोबत न्यायचा नसे, तो आणि स्पीकर गोठ्यातच चार्जिंगला लावून जायचे. निघताना उघडून टेकवायचे, आवाज लावायचे, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि गोजरबाई, त्यांची बायको, धार काढायच्या.

मग पौष महिन्यात एका सकाळी उसाला पाणी देताना सहादेव बांधावर बसले आणि उठले नाहीत.

*

गोजरबाई दुकानात आल्या तेव्हा मी तिथेच होते. माझ्या स्पीकरची चार्जिंगची पिन सैल झाली होती आणि चाचा ती बघत होते. बाईंनी पिशवीतून आधी स्पीकर काढला, मग पदराच्या गाठीतून फोन. फोन चालू होता. नातेवाइकांचे फोन येत राहतात म्हणून त्यांनी तो तेवीस दिवस चार्जिंगला लावून चालू ठेवला होता.

चाचा उभे राहिले. "वहिनी, बसा."

त्या बसल्या नाहीत. "भाऊ, ह्यो बोलंना. रोज टेकविते. सकाळी टेकविते, संध्याकाळी टेकविते. त्यांच्यावानीच टेकविते. म्हस आटाया लागली."

"दूध देत नाही?"

"कास भरलेली, पर सोडत न्हाई. रेडकाला लावून जरा निघतं तेवढंच. डॉक्टर म्हनला, इंजेक्शन देतो. मी न्हाई म्हनले." स्पीकरवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "त्येंचा आवाज पायजे तिला."

चाचांनी स्पीकर हातात घेतला. त्याची बॅटरी पार उतरली होती. बाई बंद स्पीकरला कुलूपबंद फोन टेकवत होत्या. बटण सहादेव दाबत असत, पाठमोरे बसून. बाईंना दिसायचं ते फक्त टेकवणं.

"हे तर काहीच नाही, चार्ज करू," चाचा म्हणाले, आणि स्पीकर वायरला लावला. मग फोन घेतला. पडद्यावर बोट फिरवलं. सहा आकडे मागणारी चौकट आली.

त्यानंतर त्यांच्या हाताने जे केलं, ते त्यांच्या हाताने दिवसातून वीस वेळा केलेलं होतं. कुठलाही फोन फळीवर आला, की आधी बंद करून चालू करायचा. निम्मे आजार त्यानेच जातात. चाचा बाईंशी बोलत होते, स्नेहल कशी आहे विचारत होते, आणि त्यांच्या अंगठ्याने बाजूचं बटण दाबून ठेवलं होतं. फोन विझला आणि परत उजळला.

पडद्यावर लिहिलेलं आलं: फोन पुन्हा सुरू झाला आहे, नंबर टाका.

"नंबर ठाऊक आहे, वहिनी?"

"न्हाई."

"कुठे लिहून ठेवलाय? डायरीत, दुधाच्या कार्डावर?"

"ते म्हनायचे, शमशेरभाईनं सांगितलंय कुनाला सांगायचा न्हाई."

चाचांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "एखादा वाटतोय का? बघा टाकून." आणि सवयीने पाठ फिरवून कॅलेंडरकडे तोंड केलं.

बाईंनी एक आकडा दाबला, दुसरा दाबला. स्नेहलची जन्मतारीख झाली. लग्नाची तारीख झाली. काजळी आणली तो दिवस झाला. प्रत्येक वेळी फोन अंगावर काटा यावा तसा थरथरायचा. चाचा पाठमोरेच होते, खोकल्याची वाट बघत. शेवटी फोननेच सांगितलं, आता थोडा वेळ थांबा. बाईंनी फोन खाली ठेवला.

"बास," चाचा वळून म्हणाले. "उगाच जास्त नको."

तोवर स्पीकर थोडा चार्ज झाला होता. त्यांनी बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि स्पीकरमधून आवाज आला. टुंग.

गोजरबाईंचं डोकं झटकन वर आलं. "ह्योच! ह्योच आवाज! आता बोलंल."

आम्ही तिघंही स्पीकरकडे बघत राहिलो. चाचांनी स्पीकरवरचं दुसरं, थांबलेला आवाज पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आतून फक्त हलकी सळसळ येत राहिली, रिकाम्या खोलीत पंखा असावा तशी.

"जोडला गेलाय," चाचा हळू म्हणाले. "दोघांची जुनी ओळख आहे, त्यामुळे टेकवायचीही गरज पडली नाही. पण फोन कुलपात आहे."

"मग ह्यातनं काढा की." बाईंनी स्पीकरवर हात ठेवला. "दोन वरीस ह्यातच बोलत हुते. काय तरी उरलं आसंल."

चाचांनी स्पीकरचं मागचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं. तांब्याच्या वेढ्यांचा तो कागद त्यांना दाखवला, मधला तीळ दाखवला. सहादेवांना सांगितलं होतं तेच सांगितलं, पण या वेळी उत्तर आवडल्यासारखं नाही. "ह्यात फक्त ह्याचा स्वतःचा पत्ता आहे, वहिनी. त्यांचं काही नाही. आवाज फोनमध्ये आहे."

त्यांनी फोनचा छोटा कप्पा सुईने बाहेर काढून पाहिला, मेमरी कार्ड असलं तर म्हणून. सिम होतं. शेजारची जागा रिकामी होती. नगरला एका ओळखीच्याला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, उघडता येईल, पण सगळं पुसूनच. पुसल्यावर उघडायचं कशासाठी, असं चाचा त्याला म्हणाले, जरा जोरातच.

गोजरबाई स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला.

"लेकीच्या लग्नाच्या पिच्चरमधी दिसत्यात ते," त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "पर बोलत न्हाईत. नुसतं जेवत्यात." मग आणखी हळू: "बाई, म्हशीचं एक असू दे. त्या आवाजात मधीच ते मला हाक मारत्यात."

"हाक?"

"आवाज भरताना बादली इसरले हुते. म्हशीला बोलता बोलता एकदम म्हनले, गोजर, बादली आन गं. ते तसंच भरलं गेलं. कदी नावानं हाक मारली न्हाई बघा. अगं, ए, आयकलं का, हेच. चाळीस वरीस. त्या दिशी कसं काय तोंडातनं गेलं. मी म्हनले, पुसा ते, लोकं हासतील. म्हनले, पुसता कुठं येतंय मला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "रोज दोन टायम आयकायची मी. धार काढता काढता."

चाचा फळीवरचे चार स्क्रू पुन्हा पुन्हा मोजल्यासारखे सरळ रेघेत लावत होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा स्पीकर आणायला गेले. चाचांनी पिन बदलली होती. "बघून घे," म्हणाले आणि बटण दाबलं. माझा फोन पर्समध्ये होता, बंद पडद्याचा, कुलपातला. स्पीकर त्याला आपोआप जोडला गेला. चाचांनी सुरू करायचं बटण दाबलं आणि मी सकाळी अर्धवट सोडलेलं गाणं जिथे सोडलं होतं तिथून सुरू झालं.

"वाजतोय छान," मी म्हणाले.

चाचांचं बोट बटणावरच होतं. त्यांनी गाणं थांबवलं. परत लावलं.

"फोन कुठे आहे तुझा?"

"पर्समध्ये."

"उघडलास?"

"नाही."

ते फळीमागून बाहेर आले, स्टुलावर बसले, परत उठले. स्वतःचा फोन काढून माझ्या स्पीकरला जोडला, त्यावर काहीतरी लावलं, थांबवलं, फोनला कुलूप घातलं. स्पीकरचं बटण दाबलं. वाजलं. मग त्यांनी आपला फोन बंद करून चालू केला आणि नंबर टाकला नाही. थोड्या वेळाने स्पीकर म्हणाला, टुंग. बटण दाबलं. सळसळ. आणखी एकदा दाबलं. सळसळ. मग नंबर टाकून फोन उघडला आणि पुन्हा बटण दाबलं. वाजलं.

"काय झालं, चाचा?"

"हे मला ठाऊक नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "रोज बघतो." त्यांनी माझा स्पीकर बंद केला. "कुलूप म्हणजे दाराला कडी, बेटा. बाहेरच्याला आत येता येत नाही. म्हणून टेकवून काही होत नाही. पण आतली माणसं जागी असतात. जुन्या ओळखीच्याने बाहेरून हाक मारली, तर आतून ओ देऊ शकतात. फोन बंद करून चालू केला, की आतली माणसंही झोपतात. मग मालकाने नंबर टाकल्याशिवाय एकही उठत नाही. तेवीस दिवस वहिनींनी तो फोन जागा ठेवला होता."

मला कळलं.

"पण चाचा, इतक्या दिवसांनी तोच आवाज लागला असता, असं कशावरून? कदाचित दुसरंच काही—"

"हो. लागला असता असं नाही." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "लागू शकला असता. एकदा बटण दाबून बघायचं होतं. त्याआधी मी तो विझवला."

डबा फळीवर तसाच होता. चाचांनी तो पिशवीत घातला आणि दुकानाचं शटर दुपारी चारला खाली ओढलं. "तुझी गाडी आहे ना? मला पलीकडे सोड. आणि तूही थांब तिथे. मला एकट्याने सांगता येणार नाही."

*

वस्ती रस्त्यापासून आत आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोरीचा रस्ता. आम्ही पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. गोजरबाई गोठ्यात होत्या, बादली पायाशी उपडी. काजळी खुंट्याला उभी, कास ताठ, कान मागे. बाईंनी आम्हाला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. चाचांनी नंबर शोधला, असं त्यांना वाटलं असणार.

चाचांनी ते लगेच विझवलं. बसायच्या आधी, पाणी घ्यायच्या आधी, गोठ्याच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. कडी, आतली माणसं, स्वतःचा अंगठा. काही सोडलं नाही. 'लागला असता असं नाही' एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मला सांगावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प राहिले.

गोजरबाई ऐकत होत्या. म्हशीच्या पाठीवरचं शेण वाळलेलं होतं, ते नखाने काढत होत्या.

"तुमी मुद्दाम केलं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही. पण केलं मी."

"व्हय." त्यांनी ते खोडून काढलं नाही. "केलं तुमी."

काजळीने शेपटी मारली. कोनाड्यात स्पीकर ठेवलेला होता, शेजारी फोन. पडदा उजळून कोणाचा तरी फोन आला, नाव न दाखवता, नुसता नंबर. नावंही आता आत झोपलेली होती. तो वाजून थांबला.

"ते टुंग तेवढं करा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काल केलं ते. म्हशीला ऐकू द्या. तिला तरी वाटू दे."

चाचा कोनाड्याजवळ गेले. स्पीकरचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला. टुंग.

काजळीचे कान पुढे आले. तिने मान वळवून कोनाड्याकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. मग मागचा पाय जरा फाकवला. मी गोठ्यात कधी फारशी गेलेले नाही, पण तेही मला दिसलं: तिच्या अंगातला ताठा उतरत गेला, सड भरून आले, आणि एका सडातून दुधाचा थेंब आपोआप खाली, शेणामातीवर पडला.

"पान्हवली," चाचा पुटपुटले.

तिला आवाज नको होता. दोन वर्षं सहादेवांच्या बोलण्याआधी जे वाजायचं, तेवढंच तिला पुरत होतं. ते वाजलं, म्हणजे मालक आला. बाकीचं तिने मानून घेतलं होतं.

गोजरबाईंनी झटकन बादली सरळ केली, खाली बसल्या आणि धार काढायला लागल्या. आधी रिकाम्या बादलीवर टण टण, मग दुधात दूध पडल्याचा भरीव आवाज. त्यांचा चेहरा म्हशीच्या पोटाला टेकलेला होता, आम्हाला दिसत नव्हता. स्पीकर सळसळत होता. चाचांनी तो बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या.

पाव बादली भरली असेल. एकाएकी त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि कोनाड्याकडे बघितलं.

"हितं," त्या म्हणाल्या.

आम्हाला समजलं नाही.

"हितं यायचं ते. हितंच. म्हशीला दोनदा सोड म्हनायचे, मग खाकरायचे, आन मग हितं."

त्या वाट बघत राहिल्या, जेवढा वेळ ती हाक घेत असेल तेवढा वेळ. काजळीने मान हलवली. गळ्यातली घंटी वाजली. मग बाईंनी पुन्हा सड हातात घेतला.

"तिचं भागलं," त्या म्हणाल्या.

धार संपली तेव्हा बादली जवळजवळ भरली होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि कोनाड्यातून फोन घेतला. तो तळहातावर धरून चाचांना विचारलं, "भाऊ, आता ह्यो बंद पडू दिला तर चालंल? का चार्जिंग करीत जाऊ? फोन करनाऱ्यांचं होत आलंय आता."

चाचा म्हणाले, "चालू ठेवा."

"उघडनार न्हाई ना ह्यो?"

"नाही."

"मग कशापायी?"

"फोन चालू असल्याशिवाय स्पीकर टुंग म्हणणार नाही, वहिनी. त्याला जोडायला हा लागतो. कुलपात असला तरी चालतो, बंद मात्र नको."

गोजरबाईंनी मान हलवली. चार्जरची वायर पत्र्याच्या फटीतून आत आलेली होती. ती त्यांनी फोनला लावली. पडद्यावर सहा आकड्यांची रिकामी चौकट उजळली आणि विझली. त्यांनी फोन कोनाड्यात ठेवला, स्पीकरला त्याची पाठ टेकेल असा. तसं ठेवायची गरज नव्हती. चाचांना ते माहीत होतं.

ते दाराकडे वळले, उसाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ. शेवटी बाईच म्हणाल्या, "दूध घिऊन जा थोडं. गौहरभाभीला द्या."